पॅनोरमाच्या फाटक्या कडा: कापायच्या की भरायच्या?

चकोर

मंडळी, एका पॅनोरमात अडकलोय. पहाटे तळ्याकाठी उभ्या धरलेल्या कॅमेऱ्याने सात फ्रेम काढल्या. तिपाई नव्हती, हातातच कॅमेरा होता. 24 मेगापिक्सेल, म्हणजे एकेक फ्रेम 4000 बाय 6000. फोटोशॉपच्या फोटोमर्जने जोडणी फार छान केली (लेआउट Cylindrical), सांधे शोधूनही सापडत नाहीत.

अडचण कडांची आहे. डावीकडून उजवीकडे वळताना माझा कॅमेरा हळूहळू खाली झुकत गेला. त्यामुळे फ्रेम जिन्याच्या पायऱ्यांसारख्या उतरत गेल्यात. कॅनव्हास 19,400 बाय 6900 आला, पण वर उजवीकडे आणि खाली डावीकडे रिकामी पाचर आहे, सगळ्यात खोल जागी 900 पिक्सेल. सरळ आयत कापला तर उंची 5100 उरते. तेही चाललं असतं, पण डावीकडच्या सुळक्याचा माथा पहिल्या फ्रेमच्या वरच्या कडेपासून जेमतेम 250 पिक्सेल खाली आहे. कापलं की माथाच जातो, आणि माथा गेला की फोटोत उरतं काय?

म्हणून फोटोमर्जच्या खिडकीत Content Aware Fill Transparent Areas वर टिक करून पुन्हा जोडलं. आकाशात एकाच ढगाचा तुकडा तीनदा आला, शिवाय सुळक्याच्या कड्याचा एक ढलपा निळ्यात तरंगतोय. खाली डावीकडे पाण्यात लाकडी कठड्याचे दोन खांब उगवलेत. तो कठडा खरं तर फोटोच्या उजव्या टोकाला आहे! हे कसं सुधारायचं?

रानवारा

चकोर, असं दुहेरी दिसणं मलाही खूप छळायचं. फ्रेममधलं अंतर जास्त पडलं की जोडणीत एकच माणूस दोनदा येतो. दोन फ्रेम किमान एक तृतीयांश तरी एकमेकींवर यायला हव्यात. शिवाय लेयरच्या मास्कवर पांढरा-काळा ब्रश फिरवून दोनातला एक माणूस लपवता येतो. मी नेहमी तसंच करतो.

चकोर

धन्यवाद रानवारा, पण माझं दुखणं मधल्या सांध्यांचं नाही. तिथे सगळं जागेवर आहे. बाहेरच्या रिकाम्या कडा भरताना गोंधळ होतोय.

भिंगवाला

फोटोमर्जमधली ती टिक कधीच वापरू नका, ती सगळ्या कडा एका दमात भरते आणि तुम्हाला काही विचारत नाही. जोडणी टिक न लावता करा. मग लेयर मर्ज करून त्याच्या थंबनेलवर Ctrl दाबून क्लिक, Select > Inverse, आणि Edit > Content-Aware Fill. उजवीकडच्या पट्टीत Color Adaptation थेट Very High ठेवा, म्हणजे रंग आपोआप जुळतात. मी सगळ्याला हेच करतो. आकाश असो, पाणी असो, जमीन असो, काही फरक पडत नाही.

सांजवेळ

भिंगवाला यांचा पहिला भाग बरोबर आहे, वेगळ्या खिडकीत जाऊनच भरायचं. पण दोन गोष्टी राहिल्या. एक म्हणजे Inverse नंतर Select > Modify > Expand करून निवड आठ-दहा पिक्सेल आत सरकवावी लागते. जोडलेल्या चित्राची अगदी शेवटची ओळ अर्धवट पारदर्शक असते. निवड तिच्यावर चढली नाही तर भरलेल्या भागाच्या सीमेवर केसाएवढी फिकट रेघ राहते. पडद्यावर ती दिसत नाही, छापल्यावर दिसते.

दुसरी गोष्ट Very High ची. ती पाण्यावर का लावू नये ते पुढे लिहिते.

चकोर, जोडणी पुन्हा करायची गरज नाही. टिक लावून केलेल्या फाइलमध्ये सगळ्यात वर भरलेला एकसंध लेयर असतो आणि त्याच्या खाली मास्कसकट सातही फ्रेम शाबूत असतात. वरचा लेयर काढून टाका, मूळ जोडणी तिथेच आहे.

मात्र भरायला बसण्याआधी मला एक सांगा. चित्र समतल आहे का? 900 पिक्सेलची उतरण नुसत्या हात झुकण्याने आली, की सगळा पॅनोरमाच उजवीकडे कललाय?

चकोर

समोरच्या काठाची पाणरेषा उजवीकडे उतरते खरी. पण तो काठ तिरका आहे, उजवीकडे जवळ येत जातो. त्यामुळे रेषा तशी असणारच ना?

सांजवेळ

असेल. म्हणूनच काठाच्या रेषेवर कधी विसंबू नये. जवळ येणारा काठ चित्रात खाली उतरतोच आणि त्याला जबरदस्तीने आडवं केलं तर झाडं कलतात.

तुमच्याकडे त्याहून चांगलं मोजमाप आहे. पहाटेचं पाणी स्थिर असणार. काठावरचं एखादं ठळक टोक घ्या, झाडाचा शेंडा किंवा खडकाचा कोपरा, आणि पाण्यातलं त्याचंच प्रतिबिंब शोधा. कॅमेरा सरळ असेल तर ती दोन्ही एकाच उभ्या रेषेत येतात. रुलर टूलने टोकापासून प्रतिबिंबापर्यंत रेघ ओढा आणि वरच्या पट्टीत कोन वाचा. पॅनोरमाच्या मध्याजवळ, डावीकडे आणि उजवीकडे अशा तीन ठिकाणी करा. तिन्हीकडे कल सारखाच आला तर सगळं चित्र फिरवायचं आहे.

चकोर

मोजलं. मध्ये 1.2 अंश, डावीकडे 1.1, उजवीकडे 1.3. म्हणजे सगळंच कललंय! आजवर लक्षातच आलं नव्हतं.

सांजवेळ

आता गणित बघा. 19,400 रुंदीवर 1.2 अंशांचा कल म्हणजे सुमारे 400 पिक्सेल. तुमच्या 900 पैकी 400 हे कलण्याचे आहेत, उरलेले 500 हात झुकल्याचे. मधली रेघ ओढलेली असतानाच Straighten Layer दाबा. लेयर फिरेल, पण त्याचे कोपरे कॅनव्हासबाहेर जातील, म्हणून लगेच Image > Reveal All करा. पाचर 500 च्या आसपास येईल. फ्रेमच्या कडा आता करवतीसारख्या दातेरी दिसतील, दात ऐंशी-पंच्याऐंशी पिक्सेलचे. त्याची काळजी नको.

आधी फिरवणं एवढ्यासाठी की हे फिल काही जाणत नाही. 2010 साली CS5 मध्ये ते आलं तेव्हापासून त्याचा स्वभाव एकच आहे. चित्रातलेच छोटे तुकडे उचलायचे, कडेशी जुळतील तसे मांडायचे. कडेलगत जुळवायला खरा आधार असतो. जसजसं आत रिकाम्यात जावं तसा तो आपल्याच मांडलेल्या तुकड्यांवर पुढचे तुकडे रचतो. 100 पिक्सेलची पट्टी बेमालूम होते, 900 च्या पाचरीत ढग तीनदा येतो. पाचर जितकी बारीक करून द्याल तितकं काम सोपं.

कवडसा

मध्येच विचारते. माझ्याकडे एका मोठ्या दालनाचा पॅनोरमा आहे, खाली चौकटीच्या फरश्या आणि वर तुळया. कोपऱ्यात 300 पिक्सेल रिकामे आहेत. याच रीतीने भरतील का? मी दोनदा करून पाहिलं, फरशीची रेघ कोपऱ्यात जाऊन वाकडी संपते.

सांजवेळ

नाही भरणार, कवडसा. फरशीची रेघ कुठे जायला हवी हे पर्स्पेक्टिव्हने ठरतं आणि फिलला त्याची जाण नाही. ते फक्त शेजारच्या तुकड्याशी रेघ जुळवतं. तुम्ही रॉ काढत असाल तर लाइटरूमच्या पॅनोरमा खिडकीत Boundary Warp आहे. ते काही नवीन तयार करत नाही, असलेलंच चित्र कडेपर्यंत ताणतं. पण ताणलं की सरळ रेघा कडेला बाक घेतात आणि तुमच्या तुळयांवर ते चटकन दिसेल. मी अशा वेळी कापते, किंवा जागा जवळ असेल तर पुन्हा जाऊन जास्त मोकळी कड ठेवून काढते.

कवडसा

बरं. पुन्हा जाणं शक्य आहे. तसंच करेन.

सांजवेळ

चकोर, आता मूळ कामाकडे. सगळी निवड एकदम भरू नका. वरची पाचर वेगळी, खालची वेगळी, आणि वरचीही पायरीपायरीने.

आकाशाचं आधी. पहाटेचं आकाश वर गडद, खाली उजळ असतं. फिलच्या खिडकीत हिरवा रंग दिसतो ना, तिथूनच ते तुकडे उचलतं. Auto वर सोडलं तर त्या हिरव्यात सुळकाही येतो आणि क्षितिजाजवळचं पिवळट आकाशही. म्हणून Sampling Area Options मध्ये Custom घ्या, हिरवं सगळं जाईल. मग ब्रशने फक्त पाचरीला लागून असलेली तीन-चारशे पिक्सेलची आकाशाची पट्टी रंगवा. ढग असेल तर तो त्यातून वगळा. ढगच नसेल तर तो तीनदा येणार कुठून? इथे Color Adaptation वाढवायला हरकत नाही, High पुरेसं होतं. बारीक टोकाकडून सुरुवात करा, एक पायरी भरली की ती खालच्या चित्राशी मर्ज करून मगच पुढची निवडा. दर वेळी Output To मध्ये New Layer ठेवा, म्हणजे न पटलेली पायरी नुसती पुसता येते.

पाण्यावर मात्र Color Adaptation चं Default किंवा None. Very High ने उजेड सारखा करायच्या नादात लाटांच्या कडा पुसट होतात आणि पाणी तेलकट दिसतं. Rotation Adaptation पण None, नाहीतर लाटा तिरक्या पडतात. Mirror ची टिक नको, कारण उलटलेल्या तुकड्यात उजेड दुसऱ्या बाजूने आल्यासारखा वाटतो. आणि तुकडे शेजारच्याच उंचीवरचे द्या. जवळची लाट चित्रात मोठी दिसते, लांबची बारीक. रिकामी जागा अगदी पायाशी असताना तुम्ही मधल्या पाण्याचे तुकडे दिलेत तर पायाशी बारीक लाटा येतात आणि पाहणाऱ्याला कारण न कळता काहीतरी खटकतं. म्हणून हिरवा ब्रश पाचरीच्या उजवीकडे आडवा फिरवा, वर नको.

मोकळाढाकळा

फोटोशॉप नसलेल्यांसाठी. जोडणी हगिनमध्ये उत्तम होते, त्यात उभ्या रेषांचे कंट्रोल पॉइंट देऊन समतलही तिथेच करता येतं. भरायला गिंपवर रीसिंथेसायझर प्लगइन टाकलं की Heal Selection मिळतं. त्यात आजूबाजूच्या किती पिक्सेलमधून तुकडे घ्यायचे ते आकड्याने सांगता येतं. मी 50 पासून सुरू करतो. सांजवेळ म्हणतात तसं ब्रशने क्षेत्र रंगवायची सोय त्यात नाही, तेवढी उणीव आहे.

जुनी_रीळ

मला यातलं काहीच पटत नाही, ते स्पष्ट लिहितो. जे कॅमेऱ्यासमोर होतं पण कॅमेऱ्याने पाहिलं नाही, ते आपण कुठल्याशा तुकड्यांनी रचून छायाचित्र म्हणून दाखवतोय. कापलेला फोटो खरा असतो, भरलेला नसतो. निसर्ग-छायाचित्रांच्या कित्येक स्पर्धांत पिक्सेल वाढवायला मनाई असते. चकोर, 5100 उंचीचा फोटो काही लहान नाही.

भिंगवाला

रीळसाहेब, आकाशाची पाचर भरली म्हणून कुणाची फसवणूक होते? तिथे आकाशच होतं ना?

जुनी_रीळ

आकाश होतं, पण हेच आकाश होतं का, हा माझा प्रश्न आहे. त्या जागी एखादा पक्षी असेल, ढगाचं टोक असेल. आपल्याला माहीत नाही.

सांजवेळ

मी भिंतीवर लावायच्या चित्रात भरते, बातमी किंवा नोंदीसाठीच्या फोटोत भरत नाही, आणि कुठे पाठवताना भरलंय हे सांगते. रीळ यांच्याशी यावर माझं पूर्ण एकमत होणार नाही. पण त्यांचा मुद्दा या फोटोतल्या एका जागेला नेमका लागू पडतो. ती जागा खाली डावीकडची.

चकोर, सुळक्याचं प्रतिबिंब कुठे संपतं? ते फ्रेममध्ये आहे का?

चकोर

नाही. पहिल्या फ्रेमच्या खालच्या कडेपर्यंत प्रतिबिंब येतं आणि तिथेच तुटतं. टोक दिसत नाही.

सांजवेळ

माथ्यापासून पाणरेषेपर्यंत किती पिक्सेल?

चकोर

साधारण 3000. माथा वरून 250 वर, पाणरेषा 3250 वर.

सांजवेळ

मग प्रतिबिंबाचं टोक पाणरेषेखाली सुमारे 3000 वर हवं, म्हणजे 6250 वर. फ्रेम 6000 लाच संपते. खालची पाचर 500 ची, म्हणजे टोक बरोबर तुम्ही भरणार असलेल्या जागेच्या मधोमध पडतं! फिल तिथे नुसतं पाणी घालेल. वर सुळका सुईसारखा आणि खाली त्याचं प्रतिबिंब बोथट, सपाट कापलेलं. पाण्यात वाढलेले खांब कोणीही पकडेल, ही चूक मात्र कुणी पकडणार नाही आणि तरी चित्र खोटं वाटत राहील.

त्या दिवशीची एखादी सुटी फ्रेम आहे का, जिच्यात खालचं पाणी जास्त आलंय?

चकोर

आहे! पॅनोरमाच्या आधी दहा-पंधरा मिनिटं एक आडवी काढली होती, तिच्यात टोक पूर्ण आहे. ती आठवी म्हणून जोडून पाहिली. फोटोमर्जने बसवलीही, पण तेव्हा पाणी अगदी काचेसारखं होतं आणि नंतर बारीक तरंग उठले होते. टोकाभोवती स्वच्छ पाण्याचा एक ठिगळ दिसतो.

भिंगवाला

सुळका कॉपी करून उलटा लावा, थोडा ब्लर द्या, तरंगांसाठी रिपल फिल्टर. पाच मिनिटांचं काम आहे.

सांजवेळ

करता येतं, पण मी करणार नाही. पाण्यातल्या प्रतिबिंबात सुळका आपल्याला दिसतो त्याहून किंचित खालून पाहिल्यासारखा असतो, म्हणून पुढच्या खडकांचा आणि मागच्या माथ्याचा मेळ उलट्या कॉपीत हुबेहूब बसत नाही. लांबच्या सुळक्याला हा फरक नगण्य असेल, पायथ्याच्या झुडपांना नाही.

माझं मत असं की खालची पाचर पूर्ण भरूच नका. खालून 400 पिक्सेल कापा. मग डावीकडे फक्त 100 भरायचे उरतात. तेवढ्यात प्रतिबिंबाच्या दोन्ही कडा जशा येताहेत तशाच थोड्या पुढे जातील आणि टोकाच्या आधीच चित्र संपेल. फ्रेमच्या कडेने तुटलेलं प्रतिबिंब डोळा सहज स्वीकारतो.

चकोर

काल रात्री बसून केलं. सविस्तर लिहितो, कुणाला तरी उपयोग होईल.

फिरवून Reveal All केल्यावर उंची साधारण 6500 भरली. खालून 400 कापले. वरची पाचर चार पायऱ्यांत भरली. पहिल्या दोन एका फटक्यात जमल्या. तिसरीत फिकट डाग आला, कारण हिरवी पट्टी मी जरा जास्तच खाली नेली होती आणि उजळ आकाशाचे तुकडे वर चढले. पट्टी 300 पर्यंत आटोपती घेतल्यावर डाग गेला. चौथी सगळ्यात खोल, तिथे अजून समाधान नाही. नुसतं पाहिलं तर दिसत नाही, पण वर तात्पुरता कर्व्हज लेयर टाकून रेघ खूप उभी केली की आकाशात गोधडीसारखे चौकोन दिसतात.

खालच्या 100 साठी प्रतिबिंबाचा गडद भाग आणि बाजूचं उजळ पाणी वेगवेगळं भरलं, दोन्हींना फक्त त्यांच्याच पट्टीतले तुकडे दिले. आता उंची 6100 आणि माथा शाबूत. एक वाईट वाटतं: खालून कापताना उजवीकडच्या कठड्याच्या खांबांचे पाय गेले.

सांजवेळ

चौथ्या पायरीवर थोडा ढोबळ ग्रेडियंट मऊ ब्रशने वेगळ्या लेयरवर द्या आणि त्यात हलका नॉइज मिसळा. फिलने उचललेल्या तुकड्यांत मूळ नॉइज असतो, तुमच्या ब्रशच्या रंगात नसतो, म्हणून नॉइजशिवाय तो भाग प्लास्टिकसारखा दिसेल. मग पूर्ण चित्र आडवं उलटून एकदा बघा. सवयीच्या नजरेतून निसटलेलं उलट्यात सापडतं.

खांबांचे पाय वाचवायचे तर खालचे 400 कापायचे नाहीत, आणि मग टोकाचा प्रश्न परत उभा राहतो. दोन्ही एकाच वेळी मिळणार नाहीत.

जुनी_रीळ

कठड्याचे पाय खरे होते आणि ते कापले. आकाशाची पाचर खरी नव्हती आणि ती ठेवली. चकोर, माझ्यासाठी एक करा. 5100 उंचीची न भरलेली प्रतही छापून दोन्ही शेजारी ठेवा. उजवीकडचं कापून, डावीकडे फक्त सुळक्याच्या दोन फ्रेमची चौकट घेतली तर माथाही वाचतो. तीही एकदा करून पाहा.

चकोर

दोन फ्रेमची चौकट खरंच सुचली नव्हती. आत्ताच कापून पाहिली, माथ्यासकट जवळपास 6600 बाय 5800 मिळते आणि काहीच भरावं लागत नाही. पण त्यात तळ्याचा विस्तार जातो. दोन्ही छापायला देतोय, चौथी पायरी नीट झाली की.